आधी इंजेक्शन, मग फोन

या स्तंभात एरवी डॉक्टर मंडळी लिहितात. आजचे लेखन एका आईचे आहे. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून यंदा चौथीत शिकतो. त्याला जन्मापासून एक दुर्मीळ आजार आहे. तो आजार, त्याचे दुखण्याचे दिवस आणि अडीअडचणीला द्यावयाचे एक इंजेक्शन यांची माहिती देण्यासाठी मी त्याच्या शाळेतील शिक्षकांना पत्र लिहिले. दमा, मधुमेह, फिट्स अशा दुखण्यांची मुले आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांत असतात आणि त्यांच्या बाबतीतही प्रश्न जवळपास हाच असतो : पालक येईपर्यंत शिक्षकांनी काय करावे? म्हणून ते पत्र येथे देत आहे. मुलाचे व शाळेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. पत्रातील औषधांची मात्रा आमच्या मुलाच्या वजनानुसार त्याच्या डॉक्टरांनी ठरवलेली आहे. दुसऱ्या मुलाची मात्रा त्याचे डॉक्टर ठरवतील, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावे.

आदरणीय गुरुजनांस,

सविनय नमस्कार.

आपल्या वर्गात आमचा मुलगा इतर मुलांसारखाच दिसतो. धावतो, भांडतो, गणितात चुकतो आणि डब्यातली भाजी परत आणतो. त्याचा आजार संसर्गजन्य नाही. त्याच्याशेजारी बसल्याने, त्याच्या बाटलीतले पाणी प्यायल्याने कोणालाही काही होत नाही. वर्षातले बहुतेक दिवस त्याच्याकडे आपल्याला निराळे लक्ष द्यावेच लागणार नाही. पण एखाद्या दिवशी, तासा-दोन तासांत, त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. त्या दिवसासाठी हे पत्र आहे.

आजार कोणता?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी, इंग्रजीत अॅड्रिनल, म्हणतात. या ग्रंथी कॉर्टिसोल आणि अल्डोस्टेरॉन नावाची दोन संप्रेरके तयार करतात. ती तयार करताना टप्प्याटप्प्याने वेगवेगळी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, कामाला येतात. आमच्या मुलाच्या शरीरात त्यांपैकी २१-हायड्रॉक्सिलेज नावाचे एक विकर जवळजवळ नाहीच. डॉक्टरी भाषेत या आजाराला कन्जेनायटल अॅड्रिनल हायपरप्लेझिया किंवा थोडक्यात सीएएच म्हणतात. जगभराचा अंदाज असा की, दहा ते वीस हजार जन्मांत असे एक मूल असते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मुलाला हा आजार होतो. आईवडील स्वतः मात्र धडधाकट असतात. गरोदरपणातले खाणेपिणे, ग्रहण, कोणाची नजर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

या दोन संप्रेरकांचे काम समजले की पुढचे सगळे सोपे जाते. अल्डोस्टेरॉन शरीरातले मीठ धरून ठेवते. ते नसेल तर मीठ लघवीवाटे निघून जाते, त्याच्यामागून पाणी जाते आणि रक्तदाब उतरतो. कॉर्टिसोलचे काम संकटकाळचे आहे. ताप आला, उलट्या-जुलाब झाले, हाड मोडले की निरोगी माणसाच्या ग्रंथी आपोआप नेहमीच्या कितीतरी पट कॉर्टिसोल सोडतात. त्याच्या जोरावर रक्तातली साखर टिकते, रक्तदाब टिकतो आणि माणूस दुखण्याला तोंड देतो. आमच्या मुलाच्या ग्रंथींना हे जमत नाही. त्याच्याकडे तेवढेच कॉर्टिसोल असते, जेवढे आपण गोळीतून देतो.

त्याला रोज हायड्रोकॉर्टिसोनची गोळी तीन वेळा लागते : सकाळी सातला ५ मिलिग्रॅम, दुपारी दोनला अडीच मिलिग्रॅम आणि रात्री नऊला ५ मिलिग्रॅम. शिवाय मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक गोळी सकाळी. एका गोळीचा असर साधारण सहा ते आठ तास टिकतो. म्हणून दुपारची गोळी ‘घरी गेल्यावर घेईल’ असे चालत नाही. ती शाळेतच, दोनच्या सुमारास, आपल्यापैकी कोणीतरी आठवणीने द्यावी ही पहिली विनंती आहे. हजेरीपटाच्या मागच्या पानावर तारीख घालून खूण केली तर गोळी दिली की राहिली याचा घोळ होणार नाही.

दुसरी गोष्ट साधी आहे. त्याला खारट खावेसे वाटते. डब्याबरोबर मिठाची छोटी डबी असते, ती काढून घेऊ नये. पाणी पिण्यास किंवा लघवीला जाण्यास त्याने विचारले तर तास संपण्याची वाट पाहायला लावू नये. उन्हात कवायत असेल त्या दिवशी तो मीठ-साखरेचे पाणी आणील. ते मधूनमधून पिऊ द्यावे. खेळ, शर्यती, सहल, स्नेहसंमेलन यांतून मात्र त्याला वगळू नये.

दुखण्याचे दिवस

या मुलांच्या आजारात ‘दुखण्याचा दिवस’ या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. ज्या दिवशी शरीराला जास्त कॉर्टिसोल लागणार, त्या दिवशी आपण बाहेरून गोळ्या वाढवतो. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला नियम असा आहे. ताप १०१ अंशांवर गेला की प्रत्येक वेळची गोळी दुप्पट. १०२ वर गेला की तिप्पट. ताप उतरला की पुन्हा नेहमीची मात्रा. असा ताप असेल तर आम्ही त्याला शाळेत पाठवणारच नाही. पण ताप शाळेतच चढला, तर दोन वाजताची अडीच मिलिग्रॅमची गोळी ५ मिलिग्रॅमची करावी, १०२ च्या वर असेल तर साडेसात मिलिग्रॅमची, आणि लगेच आम्हाला कळवावे. थर्मामीटर त्याच्या पेटीत ठेवलेला आहे.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे, कशासाठी गोळी वाढवायची नाही. परीक्षेची भीती, बाईंचे रागावणे, मित्राशी भांडण, ताप नसलेली सर्दी, गुडघा खरचटणे, नेहमीचा खेळाचा तास यांसाठी जास्त गोळी लागत नाही. उगाच वारंवार जास्त गोळ्या दिल्या तर मुलाची उंची खुंटते, वजन वाढते, हाडे कमकुवत होतात. ‘स्टेरॉइड’ या शब्दाची जी भीती लोकांच्या मनात असते ती या महिनोन्‌महिने दिलेल्या जादा मात्रेविषयी खरी आहे. रोजच्या बेताच्या मात्रेविषयी ती खरी नाही. ती मात्रा म्हणजे शरीरात जे तयार व्हायला हवे होते आणि होत नाही त्याची भरपाई आहे. १९५० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. लॉसन विल्किन्स यांनी या आजारावर कॉर्टिसोनचा उपचार सुरू केला. त्याआधी मीठ निघून जाणाऱ्या प्रकारातली बहुतेक मुले तान्हेपणीच दगावत. त्यामुळे कोणी कळकळीने ‘स्टेरॉइड बंद करा, दुसरे काही द्या’ असे सुचवले तरी आम्हाला ते ऐकता येत नाही आणि आपणही ऐकू नये.

गोळी पोटात राहिली तरच तिचा उपयोग. म्हणून आमच्या मुलाच्या बाबतीत सगळ्यांत धोक्याची गोष्ट तापापेक्षाही उलटी ही आहे. उलटीत गोळी बाहेर पडते, मीठ आणि पाणी बाहेर पडते आणि नेमक्या त्याच वेळी शरीराला कॉर्टिसोलची गरज वाढलेली असते. तिन्ही बाजूंनी एकदम तोटा होतो.

एका दिवसाची हकिगत

हे किती वेगाने घडते ते एका खऱ्या दिवसावरून सांगते. मुलगा दुसरीत असताना आम्ही दुसऱ्या गावी होतो. तिथली शाळा चांगली होती, शिक्षक मायाळू होते. डॉक्टरांचे पत्र जून महिन्यातच कार्यालयात दिलेले होते आणि वर्गशिक्षिकांना सर्व माहीत होते. त्या दिवशी त्या रजेवर होत्या. वर्ग दुसऱ्या बाईंकडे होता आणि पत्र फायलीत होते.

सकाळी सातला त्याने गोळ्या घेतल्या होत्या. शाळा अकराला भरली. अकरा चाळीसला त्याला पहिली उलटी झाली. बाईंनी तोंड धुवायला लावले आणि बाकावर डोके टेकून बसायला सांगितले. साडेबाराला दुसरी उलटी झाली. पित्त झाले असावे म्हणून लिंबू-पाणी दिले. सव्वाला तो झोपलेला दिसला. थकला असेल, झोपू द्या, असे ठरले. एक पन्नासला मधल्या सुट्टीत हाक मारली तर तो धड उत्तर देईना, चेहरा पांढरा पडलेला आणि हातपाय गार. तेव्हा आम्हाला फोन आला. आम्ही दोघेही नोकरीला, शाळेपासून १४ किलोमीटरवर. मी पोचले तेव्हा दोन पस्तीस झाले होते. रुग्णालयात इंजेक्शन मिळाले तेव्हा तीन वाजून पाच मिनिटे. रक्तातली साखर ४१ होती. ती ७० च्या वर असायला हवी. सोडियम १२४ होते. ते १३५ च्या वर असायला हवे. सलाइन आणि ग्लुकोज लावले. संध्याकाळी सातला तो उठून बसला आणि त्याने चिवडा मागितला.

पहिल्या उलटीपासून इंजेक्शनपर्यंत तीन तास पंचवीस मिनिटे गेली. तिथे कोणीही हयगय केली नाही. कोणत्याही मुलाला उलटी झाल्यावर कोणतेही समजूतदार माणूस जे करील तेच प्रत्येकाने केले. अडचण अशी की या मुलाच्या बाबतीत ते पुरत नाही.

आता तोच दिवस पुन्हा मांडून पाहू. अकरा चाळीसला पहिली उलटी झाली, मुलगा पूर्ण शुद्धीत आहे, नीट बोलतो आहे. अशा वेळी त्याला ताबडतोब सकाळच्या दुप्पट, म्हणजे १० मिलिग्रॅमची गोळी दोन घोट पाण्याबरोबर द्यायची, आम्हाला कळवायचे आणि घड्याळ लावून अर्धा तास त्याच्याजवळ कोणीतरी बसायचे. अर्धा तास गोळी पोटात राहिली तर निम्मे काम झाले. आम्ही येऊन त्याला घेऊन जाऊ. अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उलटी झाली तर दुसरी गोळी देत बसायचे नाही, इंजेक्शन द्यायचे. उशिराने का होईना, दुसरी उलटी झाली तरी इंजेक्शनच. त्या दिवशी हिशेब असा झाला असता की, साडेबाराला दुसरी उलटी, बारा पस्तीसला इंजेक्शन. त्या वेळी सकाळच्या गोळीचा थोडाफार असर अजून शिल्लक होता. सव्वाला जी ‘झोप’ वाटली ती झोप नव्हती. सकाळची गोळी संपत आली होती, दोनची अजून मिळायची होती आणि साखर उतरत होती.

यातून लक्षात ठेवायची खूण एकच. दुखणे असताना हा मुलगा गुपचूप झोपला तर त्याला झोपू देऊ नये. हाक मारावी, नाव विचारावे, काल डब्यात काय होते ते विचारावे. उत्तर अडखळत आले, भलतेच आले किंवा आलेच नाही, तर ते संकट समजावे. चेहरा पांढराफटक, थंड घाम, हातपाय गार, पोटात जोरात दुखणे, उभे राहिल्यावर भोवळ ही बाकीची लक्षणे आहेत. ती सगळीच दिसायला हवीत असे नाही.

इंजेक्शन केव्हा व कसे

इंजेक्शन द्यायचे प्रसंग चारच आहेत. दोनदा उलटी झाली. एकदाच उलटी झाली पण मुलगा मरगळला. कारण काहीही असो, तो बेशुद्ध झाला, झटका आला किंवा नीट बोलेनासा झाला. मोठी दुखापत झाली, म्हणजे हाड मोडले, डोक्याला मोठा मार बसला, वाहनाचा धक्का लागला. यांपैकी काहीही झाले तर आधी इंजेक्शन, मग १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, मग आमचा फोन. शक्य असेल तर एकाने इंजेक्शन द्यावे आणि दुसऱ्याने त्याच वेळी फोन करावा. पण माणूस एकच असेल तर क्रम हाच ठेवावा. आमची परवानगी विचारण्यासाठी थांबू नये. ती या पत्राने आणि सोबतच्या सहीच्या कागदाने दिलेलीच आहे.

लाल झाकणाच्या पेटीत हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटच्या १०० मिलिग्रॅमच्या दोन कुप्या, निर्जंतुक पाण्याच्या दोन लहान बाटल्या, २ मिलिलिटरच्या तीन सिरिंज सुयांसह आणि स्पिरिटचा कापूस आहे. एक संच वापरायचा, दुसरा हातून काही फुटले-सांडले तर. कुपीत पांढरी पूड असते. कुपीचे प्लॅस्टिकचे टोपण अंगठ्याने उडवावे, खालच्या रबरी बुचाला तसेच ठेवावे. सिरिंजमध्ये २ मिलिलिटर पाणी ओढून ते बुचातून सुई घालून कुपीत सोडावे. कुपी हातात हलकेच फिरवावी. पूड विरघळून पाणी नितळ होते. आता त्यातले १ मिलिलिटर, म्हणजे ५० मिलिग्रॅम, सिरिंजमध्ये ओढावे. सुई वर करून हवेचा बुडबुडा काढून टाकावा.

जागा मांडीची. कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, मांडीच्या बाहेरच्या अंगाला. तिथे मोठी रक्तवाहिनी किंवा महत्त्वाची शीर मध्ये येत नाही. म्हणून नवख्यालाही ती जागा सोपी. कुल्ल्यावर देऊ नये. कापसाने पुसून सुई सरळ, काटकोनात, आत घालावी, दट्ट्या सावकाश पूर्ण दाबावा, सुई काढून कापूस दाबून धरावा. घाईच असेल तर पातळ चड्डीवरूनही चालते. मग वेळ लिहून ठेवावी. वापरलेली सुई आणि रिकामी कुपी पेटीतच ठेवून पेटी मुलाबरोबर रुग्णालयात पाठवावी.

नंतर मुलाला आडवे करून पाय थोडे उंचावर ठेवावेत. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावे आणि तोंडात काही घालू नये, पाणीसुद्धा नाही. पूर्ण शुद्धीत असेल तर साखरपाणी चमच्याचमच्याने द्यावे. इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या तासात बरे वाटू लागते. पण बरे वाटले म्हणून रुग्णालय टाळायचे नाही. मीठ, पाणी आणि साखर भरून काढायला सलाइन लागतेच, आणि मूळ दुखणे शोधावे लागते. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रुग्णालयातील डॉक्टरांसाठी चिठ्ठी चिकटवलेली आहे. तपासणीचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवू नयेत असे त्यात त्याच्या तज्ज्ञांनी लिहिले आहे.

पेटीबद्दल एक विनंती. ती कुलपात ठेवू नये. किल्ली ज्या शिपाईमामांकडे असते ते नेमके त्याच वेळी बँकेत किंवा पंचायत समितीत गेलेले असतात. पेटी कार्यालयात, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर पण सगळ्या मोठ्यांना दिसेल अशी ठेवावी. खिडकीच्या उन्हात ठेवू नये. सहलीला आणि क्रीडास्पर्धेला ती मुलाबरोबर असावी, पण बसच्या टपावर किंवा दुचाकीच्या डिकीत नव्हे. कुप्यांची मुदत आम्ही जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर येऊन तपासू आणि संपत आलेल्या बदलून देऊ.

शिक्षकांनी इंजेक्शन द्यावे का?

आपल्या मनातला प्रश्न मला कळतो. आम्ही शिक्षक, सुई टोचणे आमचे काम नाही. उद्या काही बरेवाईट झाले तर? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे.

पहिली बाब औषधाची. आपल्या अंदाजात चूक झाली, संकट नव्हतेच आणि इंजेक्शन दिले गेले, तर काय होईल? मांडी दिवसभर दुखेल. एखाद्या वेळच्या ५० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनने त्याला अपाय होत नाही. घाबरून १ ऐवजी २ मिलिलिटर दिले गेले तरी तसेच. उलट संकट होते आणि दिले नाही, तर काय होते ते वर सांगितले आहे. पुढे साखर आणखी उतरते, झटके येतात, रक्तदाब कोसळतो आणि मूल दगावू शकते. दोन चुकांपैकी एक मांडीच्या ठणक्याची आहे आणि दुसरी परत न फिरवता येणारी. शंका आली तर द्यावे, हा नियम त्यामुळेच आहे.

दुसरी बाब कायद्याची. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ चे संरक्षण आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या दंडसंहितेत हीच तरतूद कलम ८९ मध्ये होती. म्हणून संमतीचा कागद आम्ही तोंडी न ठेवता लेखी दिला आहे. त्यावर आम्हा दोघांच्या सह्या, डॉक्टरांची सही व शिक्का, औषधाचे नाव, मात्रा आणि वरचे चार प्रसंग आहेत. एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक पेटीत आणि एक वर्गशिक्षिकांकडे राहील.

तिसरी बाब हाताच्या धीराची. आम्हीही सुई धरायला रुग्णालयातल्या परिचारिका ताईंकडूनच शिकलो, तेही मोसंबीवर. मुदत संपलेल्या कुप्या आम्ही सरावासाठीच जपून ठेवतो. शिक्षकांच्या सभेनंतर अर्धा तास मिळाला तर मी मोसंबी, कुप्या आणि सिरिंज घेऊन येईन. प्रत्येकाने दोनदा करून पाहिले की भीती बरीच कमी होते.

तरीही कोणाचा हात धजावत नसेल तर त्यांच्यावर सक्ती असू नये, असेच माझे मत आहे. पण ‘कोणीतरी देईल’ असेही असू नये. वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि कार्यालयातले एकजण अशी तीन नावे ठरवून ती पेटीवर लिहावीत, म्हणजे एकजण रजेवर असला तरी दुसरा असेल. तिघेही तयार नसतील तर दुसरी वाट आजच ठरवावी. शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांना मी भेटले आहे. त्यांच्याकडेही हाच संच आणि हीच चिठ्ठी ठेवण्याची त्यांची तयारी आहे. मात्र त्यांचा दवाखाना दुपारी एक ते पाच बंद असतो, आणि शाळेतला धोक्याचा वेळ नेमका तोच आहे. म्हणून ही वाट दुसरी आहे, पहिली नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. अशा मुलाची माहिती फायलीत असून उपयोगाची नसते, ती माणसांत असावी लागते. बदली शिक्षक, परीक्षेचे पर्यवेक्षक, सहलीची बस चालवणारे, खिचडी शिजवणाऱ्या मावशी यांना त्याच्या आजाराचे इंग्रजी नाव माहीत नसले तरी चालेल. ‘याला उलटी झाली किंवा हा मरगळला तर लाल झाकणाची पेटी’ एवढे वाक्य त्यांना माहीत असले पाहिजे. त्याच वेळी वर्गातल्या मुलांसमोर त्याला ‘आजारी मुलगा’ म्हणून उभे करू नये ही आमची कळकळीची विनंती आहे. दुपारची गोळी का घेतो असे मुलांनी विचारले तर ‘जसा कोणाला चष्मा लागतो तशी त्याला गोळी लागते’ एवढे उत्तर पुरते. तो स्वतःही तेच सांगतो.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आपल्याला सोयीचे असेल तर मी मोसंबी घेऊन येते. वेळ मुलाच्या वहीत लिहून पाठवावी.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
चौथीतील एका विद्यार्थ्याची आई